टीमचा करारनामा लिहितोय: 'हरकत आली नाही म्हणजे मंजूर' हे कलम ठेवावं का?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची टीम नऊ जणांची. सहा पुण्यात, एक नागपुरात घरून काम करते, दोघे जर्मनीत. बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मागच्या महिन्यात एक घोळ झाला आणि तेव्हापासून साहेबांनी डोक्यात घेतलंय की आपला 'टीम चार्टर' हवा. लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण घोळ माझाच होता.

झालं असं. एका गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला मी चॅटवर लिहिलं, "ग्राहकांच्या तक्त्यातला जुना फोन नंबरचा रकाना काढून टाकतोय. नव्या तक्त्यात सगळे नंबर आहेतच. कुणाची हरकत?" दोन अंगठे आले. बाकी शांतता. शुक्रवारी सकाळी रकाना काढला. शनिवारी महिन्याच्या बिलांचे एसएमएस जायचे होते, ते गेले नाहीत, कारण ते पाठवणारा जुना प्रोग्रॅम तोच रकाना वाचत होता. बॅकअपमधून परत आणेपर्यंत शनिवार संपला. त्यात शुक्रवारभर ज्या ग्राहकांनी नंबर बदलले होते त्यांचे जुनेच नंबर परत आले, ते निस्तरण्यात रविवार गेला.

आता मसुदा बघा:

१. आम्ही एकमेकांचा आदर करू.
२. संवाद मोकळा आणि वेळेवर असेल.
३. निर्णय एकत्रितपणे घेऊ.
४. चॅटवर मांडलेल्या प्रस्तावावर २४ तासांत हरकत आली नाही तर तो मंजूर समजला जाईल.
५. मतभेद सामंजस्याने सोडवू.

चौथ्या कलमावर टीममध्येच दोन तट पडलेत. तुमच्याकडे असं काही लिहिलेलं आहे का? चालतं का?

---

चहाबाज

शीर्षक वाचायच्या आधी नुसतं 'चार्टर' दिसलं, वाटलं ऑफिसने विमान केलं. शुभेच्छा मागे घेतो.

---

सचिव_बी_विंग

अगदी योग्य वेळी धागा काढलात. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी साडेपाचला सुप्रभातची फुलं सुरू होतात. नियम केला तरी कोणी पाळत नाही. ॲडमिनने काढून टाकलं की तो सभासद वार्षिक सभेत उभा राहून तासभर बोलतो. यावर काय कलम घालावं?

---

चहाबाज

काका, त्यांची टीम आहे, सोसायटी नाही. पण फुलांचं कलम मलाही हवंय.

---

ऋतुगंध

मी गेली बारा-तेरा वर्षं वेगवेगळ्या टीम्सना हेच लिहायला मदत करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं, तुमच्या पाच कलमांपैकी चार मोडताच येत नाहीत. "आदर करू" हे कोणी मोडलं तर ते कसं कळणार? तुम्ही म्हणाल अनादर झाला, तो म्हणेल नाही झाला, आणि दोघेही खरं बोलत असतील. मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारते: परवा मंगळवारी हे कलम मोडलं गेलं, तर तिसऱ्या माणसाला ते चॅट किंवा नोंदी बघून सांगता येईल का? येत नसेल तर ती ओळ भिंतीवर लावायला ठीक आहे, करारात नको. "संवाद वेळेवर" याऐवजी "आपलं नाव घालून विचारलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर, निदान 'उद्या दुपारपर्यंत सांगते' एवढं तरी" असं लिहिलं की मोडलेलं दिसतं.

गंमत म्हणजे चौथं कलम या कसोटीला उतरतं. ते मोजता येतं. पण ते चुकीचं आहे असं मला वाटतं. त्याआधी एक विचारते. त्या गुरुवारी जे गप्प राहिले, त्यांतल्या कोणाला तो एसएमएसचा प्रोग्रॅम माहीत होता का?

---

अतिशहाणा

चौथं कलम चुकीचं कसं? जगातली मोठमोठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर असंच चालवतात. अपाचे फाउंडेशनमध्ये याला 'लेझी कन्सेन्सस' म्हणतात. प्रस्ताव टाका, ७२ तास थांबा, कोणी उणे एक दिला नाही तर पुढे चला. आपल्याकडेही जुनं वचन आहेच, मौनं संमतिलक्षणम्. प्रत्येकाच्या होकाराची वाट बघत बसलात तर वर्षभर एक रकाना निघायचा नाही. फक्त २४ चे ७२ करा, प्रश्न मिटला.

---

घाटमाथा

@ऋतुगंध, नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. नागपूरच्या मुलीला माहीत होतं. तो प्रोग्रॅम तिनेच मागच्या वर्षी दुरुस्त केला होता. माझा मेसेजही तिने वाचला होता. सोमवारी विचारलं तर म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्ही बघितलंच असेल. आधीच दोघांनी अंगठे दिले होते." नोकरीला लागून तिला दीड वर्ष झालंय.

खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता. आता तेवढा येत नाही.

---

फौजी_साताऱ्याचा

तिचा काय दोष? वरिष्ठाने सांगितलं, दोघांनी मान हलवली, तिसरा कशाला बोलेल.

कोर्ट मार्शलमध्ये बसलो आहे म्हणून सांगतो. तिथे सदस्यांनी मत द्यायची वेळ आली की सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्यापासून सुरुवात होते आणि अध्यक्ष शेवटी. नियमच आहे तसा. कर्नलसाहेब आधी बोलले तर कॅप्टन काय वेगळं बोलणार? तुमच्या अंगठ्यांचंही तेच. पहिला अंगठा कोणाचा होता?

---

घाटमाथा

साहेबांचा.

---

चहाबाज

धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

(२४ तासांत कोणी काही बोललं नाही तर बंद समजावा.)

---

ऋतुगंध

@अतिशहाणा, अपाचेचं उदाहरण बरोबर आहे, पण अर्धं सांगितलंत. तिथली पद्धत सगळ्या गोष्टींना सारखी नाही. कोडमधल्या बदलाला उणे एक आला की बदल अडतो, पण त्यासोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं, कारण नसेल तर तो नकार धरत नाहीत. आणि नवी आवृत्ती बाहेर काढायची असते तेव्हा शांतता पुरत नाही. तिथे किमान तीन अधिकृत होकार लागतात आणि होकार नकारांपेक्षा जास्त असावे लागतात. म्हणजे जी गोष्ट नंतर उलटवता येते तिथे मौन चालतं, आणि जी जगात गेली की परत घेता येत नाही तिथे कोणीतरी तोंडाने हो म्हणावं लागतं.

दुसरं, तिथे नकार देणाऱ्याच्या पगारवाढीचा फॉर्म प्रस्ताव मांडणारा भरत नाही. हा फरक लहान नाही.

ते संस्कृत वचनही जपून वापरा. मौनाचे माझ्या वहीत निदान चार अर्थ आहेत: मान्य आहे, वाचलंच नाही, वाचलं पण मला यातलं कळत नाही, आणि पटलं नाही पण बोलायची हिंमत नाही. तुमचं कलम चारही अर्थांना 'मंजूर' असा एकच शिक्का मारतं. ७२ तास केले तर फक्त दुसऱ्या अर्थाची माणसं कमी होतील. नागपूरची मुलगी चौथ्यातली, तिला ७२ काय, ७०० तास दिले असते तरी ती बोलली नसती.

---

अतिशहाणा

पगारवाढीचा मुद्दा मान्य. पण मग उपाय काय? सगळ्यांच्या सह्या घेत फिरायचं? सरकारी फाईल आणि आपल्यात फरक काय राहिला?

---

सिस्टर_मिरज

मी आयसीयूमध्ये नर्स आहे, तुमचं सॉफ्टवेअर कळत नाही, पण 'मला वाटलं तुम्ही बघितलंच असेल' हे वाक्य आमच्याकडेही ओळखीचं आहे.

डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की आम्ही नुसतं 'हो सर' म्हणत नाही. लिहून घेतो, औषध-डोस-वेळ परत वाचून दाखवतो, डॉक्टर 'बरोबर' म्हणतात, मगच पुढे. नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते की 'हो' म्हणजे फक्त 'ऐकू आलं', 'समजलं' नाही.

आणि शंका आली तर दोनदा बोलायचं, हा आमचा अलिखित कायदा आहे. पहिल्यांदा विचारलं आणि डॉक्टर घाईत असले की ते उडवून लावतात, यात वाईट हेतू नसतो. दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत, कारण देऊन सांगायचं. "सर, पेशंटची लघवी सकाळपासून कमी आहे, हा डोस द्यायला मला काळजी वाटते." तरी ऐकलं नाही तर वरच्या डॉक्टरांना फोन, आणि त्याबद्दल नंतर कोणी बोलायचं नाही. हे शेवटचं आमच्याकडेही नेहमी पाळलं जातं असं नाही. एका मुलीला महिनाभर टोमणे खावे लागले होते. पण तेव्हापासून निदान असा फोन करायची परवानगी आहे हे सगळ्यांना ठाऊक झालं.

---

तर्री

सिस्टर, दंडवत.

आमच्या ढोलपथकाचं सांगतो. मिरवणुकीत पथकप्रमुखाचा इशारा म्हणजे इशारा. ठेका बदल म्हटलं की बदल, तिथे लोकशाही काढली तर मागचे चाळीस ढोल पुढच्यांवर चढतात. पण रात्री वाद्यं उतरवली की वडापावच्या गाडीवर कोणीही कोणालाही काहीही बोलू शकतं. प्रमुखाला सगळ्यात जास्त शिव्या पडतात. घाटमाथाशेठ, तुमच्या टीमला असा वडापाव हवाय.

---

कोरडवाहू

तर्रीभाऊंचं पटलं. पण उलट टोकाचं उदाहरण आमच्या गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकही माणूस राजी नसेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. तरी त्या गावाने काम अडवून ठेवलं नाही, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळवला, देशात सगळ्यात आधी मिळवणाऱ्यांत ते गाव आहे.

मी तिथे दोनतीनदा गेलो आहे. मला जास्त आवडलं ते त्यांचं अभ्यासगटाचं. एखादा विषय समजून घ्यायचा तर त्याचा वेगळा अभ्यासगट बसतो, बाहेरचा जाणकारही येऊन बसतो, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. म्हणून अभ्यासगटात माणूस बिनधास्त प्रश्न विचारतो, कारण त्याच्या प्रश्नाने काही अडत नाही. तुमच्याकडे एकाच मेसेजमध्ये समजावणं, विचारणं आणि ठरवणं तिन्ही उरकलं होतं ना भाऊ.

---

अतिशहाणा

मेंढा-लेखाबद्दल पूर्ण आदर, पण तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या एकत्र राहणार आहेत, जंगल तेच आहे. आयटीत अर्धी टीम दिवाळीच्या बोनसनंतर बदलते.

---

कोरडवाहू

हे खरं आहे. रकान्यासाठी ग्रामसभा भरवा असं मीही म्हणत नाही. समजण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवा, एवढंच.

---

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून. तुमच्या त्या दोघांच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितोय.

गुरुवारी पावणेसात म्हणजे इथे उन्हाळ्यात सव्वातीन, हिवाळ्यात सव्वादोन. म्हणजे त्यांनी बघितला असण्याची शक्यता आहे. पण शुक्रवारी सकाळी तुम्ही दहाला रकाना काढला असेल तर इथे साडेसहा किंवा साडेपाच वाजले होते. सकाळी शांत डोक्याने कुणी विचार करेल तोवर काम होऊन गेलं. तास मोजूच नका. 'दोन्हीकडच्या कामाचे दोन दिवस' असं लिहा. आणि सुट्ट्या बघा, इथे राज्याप्रमाणे सुट्ट्या बदलतात, माझ्या राज्यात सुट्टी असते तेव्हा शेजारच्या राज्यातला सहकारी कामावर असतो.

दुसरं म्हणजे भाषा. इथला माणूस "हे चुकीचं आहे" असं तोंडावर सांगतो आणि पाच मिनिटांनी तुमच्यासोबत जेवायला येतो. पुण्यातली मंडळी तीन दिवस फुगून बसतात. उलट आपण "बघतो" म्हणतो आणि इथला माणूस वहीत लिहून घेतो की हा बघणार आहे. आपल्याला माहीत असतं की 'बघतो' म्हणजे बहुतेक नाही. पहिली दोन वर्षं माझ्या बॉसला मी खोटारडा वाटत होतो.

---

चहाबाज

बघतो = नाही.
करून टाकू = कोणीतरी करेल.
होऊन जाईल = कोणीही करणार नाही.
काही प्रॉब्लेम नाही = प्रॉब्लेम आहे.

हे परिशिष्ट म्हणून जोडा. मानधन नको.

---

ऋतुगंध

हसण्यावारी नेऊ नका, मी एका टीमच्या करारात खरोखर हे कलम लिहिलंय: "'बघतो/बघते' याला तारखेशिवाय अर्थ नाही. तारीख नसेल तर विचारणाऱ्याने तो नकार समजावा." सगळ्यात जास्त पाळलं गेलेलं कलम तेच, कारण कोणी बघतो म्हटलं की बाकीचे एका सुरात "तारीख?" ओरडायचे.

आता अतिशहाणांच्या प्रश्नाकडे. सरकारी फाईल होऊ नये म्हणून आधी निर्णयांची वाटणी करायची. मी एकच प्रश्न ठेवते: हे चुकलं तर एका दिवसात, काही न गमावता परत फिरवता येईल का? येत असेल तर विचारायचंच नाही. करणाऱ्याने ठरवावं, करावं, नोंदीत एक ओळ टाकावी. बहुतेक टीम्समध्ये बहुतांश निर्णय यात बसतात आणि इथेच वेळ वाचतो. परत फिरवता येत नसेल, रकाना काढणं, ग्राहकांना पत्र जाणं, बाहेरच्याला तारीख देणं, तर मौन चालत नाही. पण सगळ्यांच्या सह्याही लागत नाहीत. प्रस्ताव मांडणाऱ्याने ज्यांच्या कामाला धक्का लागू शकतो अशा दोघा-तिघांची नावं लिहायची, आणि त्यांनी तीनपैकी एक उत्तर द्यायचं: चालेल, हरकत आहे, मला यातलं कळत नाही.

हे तिसरं उत्तर नक्की ठेवा. ते नसलं की न कळणारा माणूस 'चालेल' म्हणतो आणि तुम्हाला वाटतं एकाने तपासलं. ते असलं की लगेच दिसतं की तिघांपैकी दोघांना कळत नाही, म्हणजे नावं चुकीची निवडली आहेत.

घाटमाथा, तुमचाच गुरुवार यात घालून बघा.

---

घाटमाथा

घालून बघितला. रकाना काढणं परत फिरवता येत नाही, म्हणजे नावं लिहायची. मी कोणाची लिहिली असती? प्रामाणिकपणे सांगतो, साहेबांचं आणि पुण्यातल्या दोघांचं. नागपूरच्या मुलीचं नाव लिहिलंच नसतं. एसएमएसचा प्रोग्रॅम माझ्या डोक्यातच नव्हता. म्हणजे तुमच्या पद्धतीनेही घोळ झाला असता.

---

वेताळ

हेच म्हणायला आलो. करार लिहून असले घोळ थांबत नाहीत. मी वीस वर्षं मॅनेजर होतो. हा घोळ तांत्रिक होता. आधी कोडमध्ये तो रकाना कुठे कुठे वापरला आहे ते शोधायचं, मग त्याचं नुसतं नाव बदलून ठेवायचं, महिन्याची बिलं एकदा सुखरूप गेली की मग काढायचा. हे केलं असतं तर कोणाला विचारायची गरज नव्हती. तुम्ही इंजिनिअरिंगचा प्रश्न मनुष्यस्वभावाचा करून टाकलाय.

---

ऋतुगंध

@वेताळ, पटलं, अगदी मान्य. नाव बदलून ठेवलं की तोच निर्णय परत फिरवता येणारा होतो आणि विचारण्याचं ओझंच जातं. करारातलं कलम वाचून माणसाला "हे आधी उलटवता येण्यासारखं करता येईल का?" असं सुचलं, तर ते कलम कामाला आलं असं मी म्हणेन.

@घाटमाथा, तुमची शंकाही खरी आहे. नावं लिहिणाऱ्याला जे माहीत नाही ते नावांत येत नाही. म्हणून बाकीच्यांसाठी दार उघडं ठेवावं लागतं, आणि ते दार नागपूरच्या मुलीला उघडता यायला हवं. 'हरकत आहे' हा जड शब्द आहे. त्याऐवजी 'एक प्रश्न आहे' एवढं म्हटलं तरी घड्याळ थांबतं, असं लिहा. प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत काम पुढे नाही. दीड वर्षाच्या नोकरीत हरकत घेववत नाही, पण प्रश्न विचारता येतो.

---

वेताळ

आणि रोज कोणीतरी 'एक प्रश्न आहे' म्हणून सगळं थांबवलं तर? असा एक गृहस्थ माझ्या टीममध्ये होता. त्याला सगळ्यांत प्रश्न. दोन तिमाह्या खाल्ल्या त्याने.

---

ऋतुगंध

असा प्रत्येक टीममध्ये एक असतो. त्यासाठी हरकतीला आकार द्यावा लागतो. प्रश्न फुकट, पण हरकत घेणाऱ्याने दोन वाक्यं लिहायची: यामुळे नेमकं काय बिघडेल, आणि काय बदललं तर मला चालेल. "मला हे आवडलं नाही" ही हरकत नाही, ते मत आहे. मत नोंदवायचं आणि पुढे जायचं. इथे सगळ्यांना निर्णय आवडायची गरज नसते, कोणाला तो धोक्याचा वाटत नाही एवढं पुरतं. कोरडवाहूंची सर्वसहमती याहून वरच्या पायरीवर आहे, ती रोज झेपणारी नाही.

चॅटवर दोनदा उलटसुलट झालं की तिसरा मेसेज लिहायचा नाही, फोन उचलायचा. फोननंतर प्रस्ताव मांडणाऱ्याने नाही, हरकत घेणाऱ्याने तीन ओळी लिहायच्या की काय ठरलं. हे मी चुकत चुकत शिकले. प्रस्तावकर्त्याने लिहिलं की "चर्चा होऊन मान्य झालं" असं लिहितो, आणि दुसरा म्हणतो मी कधी मान्य केलं?

फोनवरही नाही जमलं तर कोण ठरवणार त्याचं नाव करारात आधीच हवं. तुमच्या त्या गृहस्थाच्या टीममध्ये ते लिहिलेलं होतं का?

---

वेताळ

नव्हतं. मीच ठरवायला हवं होतं. मी टाळलं.

---

सचिव_बी_विंग

आमच्याकडे कोरम झाला नाही की सभा अर्धा तास तहकूब करतात आणि मग आहेत तेवढ्यांत सगळं मंजूर. हे पण मौन संमतीच झालं की! इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिफ्टचं कंत्राट असंच मंजूर झालं, अकरा माणसांत. आता साठ जण माझ्या नावाने बोटं मोडतात.

---

चहाबाज

काका, तुम्ही चुकीच्या धाग्यावर येऊन बरोबर मुद्दा मांडलात.

---

तर्री

ते वडापावचं काय झालं?

---

घाटमाथा (सुमारे पाच आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं.

करार झाला. एक पान. दीड-दीड तासाच्या दोन बैठकांत, दोन्ही दुपारी दोन ते साडेतीन, म्हणजे दोन्ही देशांत माणसं जागी. फौजीकाकांचं ऐकून सगळ्यात नव्या माणसापासून बोलणं सुरू केलं. नागपूरच्या मुलीने पहिल्याच बैठकीत सांगितलं की अंगठा दिला की तिला कळत नाही तो 'वाचलं' आहे की 'मान्य'. म्हणून आता अंगठा म्हणजे फक्त 'वाचलं'. 'चालेल' हा शब्द टाईप करावा लागतो.

आदर आणि सामंजस्याची कलमं गेली. साहेबांना वाईट वाटलं, त्यांनी ती वर प्रस्तावनेत टाकली, टाकू दिली. चौथं कलम आता असं आहे:

"परत न फिरवता येणारं काम: नावं लिहून विचारा. दोन्हीकडच्या कामाचे दोन दिवस थांबा. उत्तर नाही म्हणजे उत्तर नाही, होकार नाही. विचारणाऱ्याने फोन करावा. कोणीही 'एक प्रश्न आहे' म्हटलं की थांबा."

पाच आठवड्यांत चारदा वापरलं गेलं. एकदा जर्मनीतल्या एकाने 'मला यातलं कळत नाही' लिहिलं. त्याला आमच्यातला सगळ्यात हुशार समजतात, त्यामुळे बाकीच्यांनाही ते लिहायला बरं वाटायला लागलं. एकदा मोडलंही: शुक्रवारी घाई होती, मी फोन न करता पुढे गेलो. काही बिघडलं नाही, पण सोमवारी त्याच मुलीने सगळ्यांदेखत विचारलं, "सर, नावांपुढे उत्तर नाहीये." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

@तर्री, दर दुसऱ्या बुधवारी अर्धा तास ठेवलाय, त्यात काही ठरवायचं नाही, फक्त कुरकुर. कॅलेंडरवर नाव 'वडापाव'. जर्मनीतल्यांनी नाव विचारलं, सांगितलं हा पारिभाषिक शब्द आहे.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. साहेब आता शेवटी बोलतात, पण बैठकीत कॅमेऱ्यावर त्यांचा चेहरा दिसतो. प्रस्ताव आवडला नाही की भुवया वर जातात. नवीन मुलं बोलता बोलता ते बघतात आणि वाक्य बदलतात. यावर कलम काय लिहायचं?

---

ऱ्हाइनकाठ

उत्तरं आधी लेखी मागवा, सगळ्यांची एकाच वेळी उघडा. बैठक नंतर.

---

वेताळ

भुवयांवर कलम लिहू नका. मीही भुवयावालाच होतो. एकट्यात गाठून सांगा, त्यांना बहुधा ठाऊकच नसेल. मला निवृत्त व्हायच्या आठवड्यात कळलं.

---

चहाबाज

साहेबांचा कॅमेरा बंद. एका ओळीचं कलम.

---

घाटमाथा

वेताळांचं पटतंय. साहेबांशी बोलून बघतो.

---

ऋतुगंध

तारीख?